सॉफ्टवेअर प्रोजेक्टचं बजेट: टेस्टिंगचे दिवस नेमके कुणाचे?

कामांची यादी आणि प्रत्येक कामाला कोडिंगचे किती दिवस लागतील याचा अंदाज तुमच्याकडे आहे, असं धरतो. समजा बेरीज १२० दिवस आली. टीममध्ये तीन डेव्हलपर आणि एक टेस्टर.

स्प्रिंट दोन आठवड्यांचा ठेवा. एका आठवड्याचा ठेवला तर बराचसा वेळ प्लॅनिंग आणि डेमोच खातात.

दोन आठवड्यांत कामाचे दिवस १०. मीटिंग, रजा, आजारपण वजा करून माणशी ८ धरा. तीन डेव्हलपरांचे झाले २४, म्हणजे १२० दिवसांचं काम पाच स्प्रिंटमध्ये बसतं. यावर 'टेस्टिंगचे २० टक्के' लावून बजेट पाठवा, असं अनेक जण सांगतात. कृपा करून तसं करू नका. मी एकदा ठरलेल्या रकमेच्या कामात हेच केलं आणि शेवटचे दोन स्प्रिंट पदरच्या पैशांनी काढले.

चूक अशी, की टेस्टिंग मी फक्त टेस्टरच्या खात्यात मांडलं होतं. टेस्टर बग शोधतो, पण तो दुरुस्त करतो डेव्हलपर, आणि तेही त्याच २४ दिवसांतून. त्यातले ५ दिवस दुरुस्तीला काढले की नव्या कामाला उरतात १९. आता १२० ला १९ ने भागा: सहापेक्षा थोडं जास्त, म्हणजे सात स्प्रिंट. पाच आणि सात यांतला फरक माझ्या खिशातून गेला.

दुसरी गोष्ट उशिरा दिसते. टेस्टरचे ८ दिवस बघा: नवीन कामाला ४, दुरुस्त झालेलं पुन्हा तपासायला २. उरलेल्या २ दिवसांत जुनं काही मोडलं नाही ना, हे बघायचं. पहिल्या स्प्रिंटला हे रिग्रेशन शून्य धरलं आणि पुढे स्प्रिंटगणिक अर्धा दिवस वाढलं, तर पाचव्या स्प्रिंटला ते दोन्ही दिवस भरतात आणि सहाव्याला टेस्टर कमी पडतो. 'तपासणी बाकी' रकान्यात कामं साचू लागली की समजा, ही वेळ आली. तेव्हा नवा माणूस घेऊ नका, त्याला शिकवण्यातच बाकीच्यांचे दिवस जातात. त्यापेक्षा दुसऱ्या स्प्रिंटपासूनच रिग्रेशन ऑटोमेट करा आणि ते दिवसही अंदाजात धरा.

बदलांसाठी एक पूर्ण स्प्रिंट वेगळा, क्लायंटला दिसेल असा लिहा. प्रत्येक कामात थोडं थोडं वाढवून लपवलेला बफर कधी संपला ते कळतच नाही. प्रत्येक बदलाचे दिवस दुरुस्ती आणि तपासणी धरूनच या वेगळ्या स्प्रिंटमधून वजा करा. तिसऱ्या स्प्रिंटअखेर निम्मा बफर संपला असेल, तर त्याच आठवड्यात क्लायंटशी बोला: एखादं काम वगळायचं की रक्कम वाढवायची.

एकूण आठ स्प्रिंट. पैसे मोजताना मात्र ८ नाही, पूर्ण १० दिवस धरा, कारण पगार मीटिंगच्या दिवसांचाही द्यावा लागतो. चार माणसं, १० दिवस, आठ स्प्रिंट: ३२० मॅन-डे. प्रत्येकाच्या ८० दिवसांना त्याच्या रोजच्या दराने गुणा आणि चारही आकडे मिळवा.