कॅलिब्रेशनच्या आधी ऑफसेट शून्य करा: `ADXL345` ने झुकाव मोजायची तयारी

मागच्या वेळी सोलर पॅनलच्या स्टँडचा कोन मोजायला `ADXL345` लावला आणि एका चुकीपायी दोन दिवस गेले, म्हणून या वेळी बोर्डाला हात लावायच्या आधीच सगळं लिहून ठेवतोय. वायरिंग नेहमीचंच. फक्त `CS` हायला बांधा, नाहीतर चिप आयटूसीवर बोलणारच नाही, आणि `SDO` लोंबकळत सोडू नका कारण पत्ता त्यावरच ठरतो, ग्राउंडला असेल तर `0x53`, हायला असेल तर `0x1D`. मग रजिस्टर `0x00` वाचा, `0xE5` आलं तरच पुढे जा.

आता खरी गोष्ट. कॅलिब्रेशनसाठी एकही रीडिंग घ्यायच्या आधी तिन्ही ऑफसेट रजिस्टरमध्ये शून्य लिहा. आधी लिहा, नंतर नाही. सुरुवात अशीच हवी (`wr` म्हणजे तुमचं रजिस्टर लिहायचं फंक्शन):

```c
wr(0x2D, 0x00); // स्टँडबाय
wr(0x1E, 0x00); // OFSX
wr(0x1F, 0x00); // OFSY
wr(0x20, 0x00); // OFSZ
wr(0x31, 0x08); // फुल रिझोल्यूशन, ±2g
wr(0x2D, 0x08); // मोजणी सुरू
```

का, ते सांगतो. कंट्रोलरचं रिसेट बटण दाबलं की कंट्रोलर रिसेट होतो, सेन्सर नाही होत, त्याची पॉवर चालूच असते, त्यामुळे मागच्या वेळी लिहिलेले ऑफसेट त्याच्या पोटात तसेच राहतात आणि प्रत्येक रीडिंगमध्ये मिळवले जातात. माझ्या टेबलावर बोर्ड सपाट ठेवल्यावर Y सरासरी −२० येत होता. पहिल्या रनला कोडने दुरुस्ती लिहिली, Y शून्यावर आला, मी खूश. रिसेट दाबलं, तर सरासरी आधीच दुरुस्त झालेल्या आकड्यांची निघाली, म्हणजे शून्य, मग कोडने ऑफसेट पण शून्यच लिहिला आणि कोन थेट −५ अंश. पुन्हा रिसेट, पुन्हा बरोबर. एकाआड एक. मी वायरी बदलल्या, मोड्यूल बदललं, पुल-अप बदलले, आणि दोष होता न लिहिलेल्या तीन ओळींचा. एका रिसेटला बरोबर आणि पुढच्याला चूक असं दिसलं तर दुसरीकडे कुठे शोधू नका.

शून्य लिहिलं? मग पहिली काही रीडिंग टाकून द्या आणि १०० हर्ट्झला १२८ रीडिंगची सरासरी घ्या. `0x32` पासून सहाही बाइट एकाच दमात वाचा, नाहीतर खालचा बाइट एका सँपलचा आणि वरचा दुसऱ्याचा असं होतं. खालचा बाइट आधी येतो, जोडून `int16_t` करा.

या मोडमध्ये १ जी म्हणजे साधारण २५६ काउंट. माझी सरासरी होती X १२, Y −२०, Z २३१. सपाट ठेवल्यावर Z शून्य नाही, २५६ यायला हवा, म्हणून त्याची चूक −२५. Z ला शून्यावर ओढलंत तर कोनाचं गणितच संपलं. Z ची खात्री करायला बोर्ड पालथा घाला, माझा −२८१ आला, दोन्हींची बेरीज करून निम्मी केली की −२५, म्हणजे ऑफसेट तोच आणि गेन ठीक. टेबलावर भरवसा नसेल तर बोर्ड तिथेच अर्धा फिरवून X-Y परत घ्या आणि सरासरी काढा, टेबलाचा उतार कटतो.

ऑफसेट रजिस्टरची एक पायरी १५.६ मिली-जी, म्हणजे चार काउंट, त्यामुळे चूक चारने भागून चिन्ह उलटं करायचं: X ला −३, Y ला ५, Z ला ६. पायरी जाड असल्यामुळे दोनेक काउंट उरू शकतात, म्हणजे जवळपास अर्धा अंश. तेवढंही चालत नसेल तर रजिस्टर शून्यच ठेवा आणि वजाबाकी कोडमध्ये करा. पण तेव्हाही रजिस्टरमध्ये शून्य *लिहा*, ते शून्यच असेल असं धरून चालू नका!

हे आकडे कंट्रोलरच्या फ्लॅशमध्ये साठवा, कारण सेन्सरची पॉवर गेली की त्याचे ऑफसेट जातात. दर वेळी चालू होताना कॅलिब्रेशन करू नका, स्टँडवर तिरका बसवलेला बोर्ड त्या तिरकेपणालाच शून्य समजेल.

कोन सोपा आहे:

```c
roll  = atan2f(y, z) * 57.2958f;
pitch = atan2f(-x, sqrtf((float)y*y + (float)z*z)) * 57.2958f;
```

वाऱ्याने स्टँड हलत असेल तर तिन्ही अक्षांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ बघा, २५६ पासून लांब गेलं तर ते रीडिंग सोडा. उरलेल्याला साधं लो-पास पुरतं. शेवटी रिसेट बटण सलग चार वेळा दाबा आणि चारही वेळा कोन तोच येतोय का बघा, मगच बोर्ड स्टँडवर चढवा.