न्यूरॉलॉजिस्टकडे जाण्याआधी झटक्यांची वही लावताना

मुलाला अपस्माराचे झटके येत असतील, तर तपासणीच्या आठवडाभर आधी वही, भिंतीवरचे कॅलेंडर आणि मोबाइलमधील व्हिडिओ घेऊन बसावे, कारण नोंदी या तिन्हींत विखुरलेल्या असतात. नव्या पानावर तारीख, कालावधी, प्रकार, कारण आणि तातडीचे औषध असे पाच रकाने आखावेत. तारखेसोबत वेळ आणि मूल झोपेत होते की जागे, हेही लिहावे. एका दिवसात तीन झटके आले असतील, तर तीन स्वतंत्र ओळी कराव्यात.

कालावधीच्या रकान्यावर मात्र सर्वाधिक वेळ घालवावा. माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या वहीत मे महिन्यातील एका रात्रीपुढे मी "वीस मिनिटे" असे लिहिले होते. व्हिडिओ पुन्हा पाहिला, तेव्हा रात्री 1:12 ला तिचे डोळे उजवीकडे वळलेले आणि उजवा हात झटके देत असलेला दिसला, पण 1:15 ला हातपाय सैल पडले होते. उरलेला सगळा वेळ ती झोपेत होती. पाच मिनिटांहून लांबलेला झटका डॉक्टर अधिक गंभीर मानतात, त्यामुळे माझ्या त्या नोंदीवरून रोजचे औषध विनाकारण वाढू शकले असते. म्हणून हालचाल थांबेपर्यंतचा आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंतचा, असे दोन आकडे वेगळे लिहावेत. कूलरच्या आवाजात आम्हाला सुरुवात कळलीच नव्हती, म्हणून आता तेथे "किमान 3 मिनिटे, सुरुवात पाहिली नाही" असे आहे.

प्रकाराच्या रकान्यात ऐकीव नाव न लिहिता दिसले ते क्रमाने लिहावे: आधी काय वळले, कोणत्या बाजूचे, हाकेला प्रतिसाद होता का.

कारणाच्या रकान्यात आधीच्या चोवीस तासांत घडलेले तेवढेच असावे. सासूबाईंच्या मते तिला ऊन लागले होते, आणि नागपूरच्या मे महिन्यात ते कोणालाही पटेल. पण त्या रात्री आम्ही कामठीच्या लग्नाहून उशिरा परतलो होतो आणि नऊची गोळी बाराला दिली होती. मी तिन्ही गोष्टी लिहिल्या, निवाडा केला नाही.

तातडीच्या औषधाची नोंद झटक्याच्या घड्याळाशी जुळवून पाहावी. मिडाझोलामचा नाकातला स्प्रे पाच मिनिटांनंतर द्यावा, असे डॉक्टरांनी दिलेल्या आमच्या कागदावर आहे. घाबरून आम्ही तो 1:16 ला, म्हणजे झटका थांबल्यानंतर दिला. त्यामुळे "स्प्रेने थांबला" हे वाक्य खोडावे लागले, आणि नंतरची झोप काही अंशी स्प्रेचीही असू शकते, हे त्याच ओळीत लिहावे लागले. किती पफ दिले, एका पफमध्ये किती मिलिग्रॅम आहे आणि बाटलीची मुदत कधी संपते, हे लेबल पाहूनच उतरवावे. मात्रा वजनावर ठरते, म्हणून मुलाचे त्या आठवड्यातील वजन पानाच्या माथ्यावर लिहून ठेवावे.