पाहुणे म्हणून जाताना खाऊ नेताय? निदान या चुका टाळा

"शाकाहारीच आहेत ना, मग काहीही चालेल," असं कुणी म्हणालं की पुढे काय होणार ते मला आधीच कळतं. शाकाहारी हा काही एकच आहार नाही. कुणाकडे कांदा-लसूण चालत नाही, कुणी फक्त चातुर्मासात सोडतात, कुणाला केकमधलं अंडं चालत नाही, तर जैन घरात कंदमूळच वर्ज्य.

माझा मावसभाऊ जूनच्या शेवटच्या आठवड्यात जालन्याहून घाटकोपरला मित्राच्या घरी राहायला निघाला. घर श्वेतांबर जैन. "मांसाहार नाही" एवढी माहिती त्याला पुरेशी वाटली. बागेतल्या शेवटच्या तोडीच्या केसर आंब्यांची पेटी त्याने सोबत घेतली, वाटेत आलेपाक घेतला आणि संध्याकाळी साडेसातला तिथे पोहोचला.

तीनही गोष्टी चुकल्या. २२ जूनच्या सुमारास आर्द्रा नक्षत्र लागतं. पावसाळी हवेत आंब्यात जीव पडतात अशी श्रद्धा असल्यामुळे अनेक श्वेतांबर घरांत तेव्हापासून आंबा बंद होतो, तो थेट पुढच्या मोसमापर्यंत. ओलं आलं हे कंदमूळ, म्हणून आलेपाकही बाद. तिथे सुंठ चालली असती. शिवाय सूर्यास्त होऊन गेलेला, त्यामुळे त्याच्यासमोर बसून कुणी घासभरही खाल्लं नसतं. काकूंनी सगळं हसून ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी पेटी खाली वॉचमनच्या घरी गेली. हीच पेटी मे महिन्यात गेली असती, तर घरातल्या सगळ्यांनी मिटक्या मारत आंबे खाल्ले असते.

यावर माझी सवय साधी आहे. "काय आणू?" असं मी कधीच विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं: "काही नको, तुम्ही या फक्त." त्याऐवजी घरातल्या तरुण मंडळींपैकी कुणालातरी फोन करून थेट विचारते: कांदा-लसूण चालतो का, कंदमूळ चालतं का, सध्या कुणी काही सोडलंय का, त्या दिवशी कुणाचा उपवास आहे का. दोन मिनिटांचं काम आहे. तेवढाही धीर नसणाऱ्यांनी दुकानात तासभर घालवून काय उपयोग?

"उपवासाचा आहे, म्हणजे सगळ्यांना चालेल" हाही असाच एक शॉर्टकट. उपवासाच्या चिवड्यात बटाट्याचा कीस असतो, तो जैन घरात चालणार नाही. चांदीचा वर्ख लावलेली मिठाईही अशा घरी नेऊ नका. पारंपरिक पद्धतीत तो जनावराच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून कुटला जायचा, म्हणून अनेक जण तो टाळतात.

दुसरी चूक पावसाळ्यातली, आणि ती मला जास्त खुपते. श्रावणात लोक मऊ पेढे नाहीतर खव्याची बर्फी घेतात, सात-आठ तास बंद गाडीत ठेवतात आणि यजमानांच्या हातात देतात. खव्यात ओलावा असतो. दमट, उबदार हवेत तो लवकर आंबतो. पेढा मोडल्यावर चिकट तार सुटली, आंबूस वास आला किंवा जिभेवर शेवटी कडवटपणा राहिला, तर तो फेकायचाच. पण पाहुण्यासमोर हे कोण बोलून दाखवणार?

लांबच्या प्रवासाला मी पाण्याचा अंश नसलेलंच काहीतरी नेते. तुपात खमंग भाजलेल्या बेसनाचे लाडू दोन आठवडे सहज टिकतात. पाकातल्या रव्याच्या लाडवांचं तसं नाही, आणि ओल्या नारळाची वडी तर जवळच्या घरासाठीच ठेवावी. पेढेच न्यायचे तर साताऱ्याचे कंदी पेढे घ्या. त्यांचा खवा जास्त भाजलेला असतो, म्हणून ते मऊ पेढ्यांपेक्षा टिकतात. चिवडा किंवा चिक्की कागदी पुड्यात नको, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, नाहीतर पोहोचेपर्यंत चिवडा सादळतो आणि चिक्की चिकटते.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या.

दिवाळीत फराळ नेऊ नका. त्यांच्याकडे डबे भरलेले असतात, तेव्हा फळं न्या.

घरात मधुमेही आजोबा असतील तर "शुगर फ्री" मिठाईच्या नादी लागू नका. त्यातही बहुतेक वेळा खवा किंवा मैदा असतोच. भाजलेले मखाणे किंवा साधे खारे दाणे द्या.

दोघांच्या घरी दोन किलो मिठाई नेणं म्हणजे त्यांना ती वाटत फिरायला लावणं. पाव किलो पुरते.

थंडीत मात्र फार विचार करायला नको. खुसखुशीत गूळपोळ्या डब्यात उभ्या न ठेवता आडव्या रचा, दोन पोळ्यांमध्ये बटर पेपर घाला. आठवडाभर टिकतात, आणि कांदा-लसूण, कंदमूळ यांचा प्रश्नच येत नाही. देताना सोबत तुपाची छोटी बरणी द्यायला विसरू नका.