भाचीचा बॉल वर जाताजाताच जमिनीवर पडला

१५ मीटर उंच गच्चीवरून बॉल सेकंदाला २० मीटरच्या स्पीडने, ३० अंशात वरच्या दिशेला फेकलाय, g १० धरायचा, किती वेळाने जमिनीवर पडेल? भाचीचं उत्तर १ सेकंद. आकडेमोड परत तपासली, तीही बरोबर, मग म्हटलं थांब, आधी बॉल टॉपला कधी पोचतो ते बघू. उभा वेग २० sin ३० म्हणजे १०, तो शून्य व्हायलाच १ सेकंद जातो, म्हणजे हिचा बॉल सगळ्यात वर असतानाच जमिनीवर पडलेला! तिने लिहिलेलं

```
15 = 10t + 5t²
```

हे तर खाली फेकलेल्या बॉलचं झालं ना. वर प्लस धरलं की g मायनस आणि जमीनही मायनस १५:

```
-15 = 10t - 5t²
```

t = ३ आलं. आडवं अंतर मात्र २० cos ३० म्हणजे १७.३, गुणिले ३, साधारण ५२ मीटर, तिथे g घुसवायचाच नाही.