डिफर केलेली जागा: एक वर्ष थांबताना काय टिकतं आणि काय सुटतं

१९ जुलै २०२४ ला पप्पांची बायपास झाली. माझ्या हातात इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगच्या एम.एस्सी.ची ऑफर होती, कोर्स सुरू व्हायला जेमतेम दोन महिने होते. साताऱ्यातलं हार्डवेअरचं दुकान आई एकटी बघत होती. त्या आठवड्यात मी ठरवलं की यंदा जायचं नाही. प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येईल का, हे विचारायला कन्सल्टंटला फोन केला, तर तो म्हणाला, "डिफर होतं, टेन्शन नको, एक मेल टाकायचा." मेल एकच टाकावा लागला, हे खरं. पण त्याच्या मागेपुढे काय काय असतं, हे त्यानं सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

पहिली गोष्ट, डिफर म्हणजे ऑफर लेटर कपाटात ठेवून पुढच्या वर्षी तेच काढणं नव्हे. ब्रिटनमधली विद्यापीठं बहुतेक वेळा पुढच्या वर्षाचं नवं ऑफर लेटर देतात. त्यात फी नव्या वर्षाची असते आणि अटीही नव्यानं लिहिलेल्या असतात. तुमची ठेवलेली असते ती फक्त जागा. शिष्यवृत्ती, फीचा आकडा, इंग्रजीचा स्कोअर, बँकेचं लोन आणि व्हिसा या प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं.

जागा ठेवायला माझ्या विद्यापीठानं तीन गोष्टी मागितल्या. ऑफर आधी स्वीकारलेली हवी. डिपॉझिट भरलेलं हवं, माझं २,००० पाउंड मे महिन्यातच गेलं होतं, तेव्हाच्या दरानं दोन लाख दहा हजारांच्या आसपास. तिसरी अट मला सगळ्यात अनपेक्षित होती: ऑफर कंडिशनल असेल तर त्यातल्या अटी याच वर्षी, ३१ जुलैच्या आत पूर्ण करायच्या. म्हणजे पुढच्या वर्षी जायचं असलं तरी आठव्या सेमिस्टरची मार्कशीट आत्ताच अपलोड करायची. माझा निकाल जूनअखेरीस लागला होता, म्हणून निभावलं. वर्गातल्या एका मित्राचा रीव्हॅल्युएशनचा निकाल ऑगस्टमध्ये आला. त्याच्या विद्यापीठानं डिफर नाकारून सरळ सांगितलं, पुन्हा अर्ज करा.

कारण विचारतात, पण पुरावा मागतीलच असं नाही. मी चार ओळी लिहिल्या: वडिलांची शस्त्रक्रिया, घरी मला थांबणं भाग आहे, सप्टेंबर २०२५ ला येईन, डिपॉझिट पुढच्या वर्षाला वळवा. डिस्चार्ज कार्ड जोडलं होतं, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. डिफरची मुदत १६ ऑगस्ट होती, मी २४ जुलैला मेल टाकला आणि पाचव्या दिवशी उत्तर आलं. त्यात एक वाक्य मी तेव्हा घाईत वाचलं आणि नंतर दहादा वाचलं: डिफर एकदाच मिळेल, आणि पुढच्या वर्षी कोर्स चालला नाही तर डिपॉझिट परत. म्हणजे मीच पुन्हा माघार घेतली तर परत नाही.

आता सगळ्यात महाग पडू शकणारी चूक. मी मेल टाकला त्याच दिवशी कन्सल्टंटच्या ऑफिसातून माझ्या नावानं कॅसची मागणी गेली होती. कॅस म्हणजे व्हिसाच्या अर्जात टाकायचा विद्यापीठाचा क्रमांक, आणि तो एकदाच वापरता येतो. मी पोर्टलवर पाहिलं तर 'कॅस तयार होत आहे' असं दिसत होतं. दुपारी तीनला फोन केला, कन्सल्टंटचा मुलगा म्हणाला, "अहो ताई, डिफर नाही झालं तर? दोन्हीकडे ठेवू या ना." मी त्याला मागणी मागे घ्यायला लावली, तो फोनवर असतानाच.

का, ते सांगते. व्हिसा लागला आणि तुम्ही गेला नाहीत, तर विद्यापीठाला ते सरकारला कळवावं लागतं आणि व्हिसा रद्द होतो. पुढच्या वर्षी सगळं नव्यानं. तेव्हा व्हिसाची फी ४९० पाउंड होती. त्यावर आरोग्य सरचार्ज, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पाउंड. एक वर्षाच्या एम.एस्सी.चा व्हिसा मागेपुढे काही महिने जोडून वर्षाहून जास्त निघतो, म्हणून दीड वर्षाचा सरचार्ज पडतो, १,१६४ पाउंड. दोन्ही मिळून पावणेदोन लाखांच्या घरात. निर्णय लागण्याआधी अर्ज मागे घेतला तर सरचार्ज परत मिळतो. पण व्हिसा मंजूर झाला आणि तुम्ही गेलाच नाहीत तर मिळत नाही. तेव्हा क्रम असा: आधी डिफरचं लेखी उत्तर, तोवर व्हिसाचा अर्ज भरायचा नाही. माझी फक्त टीबीची तपासणी वाया गेली. ते सर्टिफिकेट सहाच महिने चालतं, मी उत्साहानं जूनमध्येच करून ठेवलं होतं.

शिष्यवृत्ती मात्र गेली. माझ्या ऑफरसोबत ३,००० पाउंडांची फीसवलत होती. नव्या पत्रात ती ओळच नव्हती. मी विचारलं, तर उत्तर आलं की ती त्या वर्षाच्या प्रवेशासाठी होती, पुढच्या वर्षीच्या योजनेत अर्ज करता येईल. केला, मिळाली नाही. बाहेरच्या शिष्यवृत्त्यांचंही हेच असतं. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती तर पुढच्या वर्षावर ढकलता येतच नाही, पुन्हा पहिल्यापासून अर्ज. शिष्यवृत्तीवर सगळं गणित बसवलं असेल तर विद्यापीठाला नव्हे, आधी शिष्यवृत्तीवाल्यांना विचारा.

माझा हिशेब असा झाला. २०२४ ला फी २४,५०० पाउंड होती, २०२५ ला २५,९००. त्यात सवलत गेली ३,०००. म्हणजे थांबण्याची किंमत ४,४०० पाउंड. शिवाय डिपॉझिट भरलं तेव्हा पाउंड १०५ रुपयांच्या आसपास होता, उरलेली फी भरली तेव्हा ११६. त्या दरानं हे ४,४०० पाउंडच पाच लाखांवर गेले. पप्पांना हा आकडा मी आजतागायत सांगितलेला नाही.

आता इंग्रजीच्या परीक्षेचं, कारण इथे चूक माझीच होती. आयईएल्टीएसचा निकाल दोन वर्षं धरतात. मी परीक्षा १२ ऑगस्ट २०२३ ला दिली होती. पहिल्या वेळी जाताना तिला वर्षच झालेलं, प्रश्न नव्हता. डिफर करताना मी मोजलंच नाही. नवा कोर्स १५ सप्टेंबर २०२५ ला सुरू होणार होता आणि विद्यापीठाचा नियम होता, कोर्स सुरू होईल त्या दिवशी स्कोअर दोन वर्षांच्या आतला हवा. महिन्याभरानं हुकलं. एप्रिलमध्ये पोर्टलवर लाल खूण दिसली तेव्हा कळलं. सतरा-अठरा हजार भरून पुण्याला जाऊन पुन्हा परीक्षा. लिसनिंगला हेडफोनमध्ये कुठल्याशा जिमची मेंबरशिप ऐकताना मला दुकानातलं उधारीचं वहीखातं आठवत होतं. स्कोअर अर्ध्या बँडनं कमी आला, तरी चालला. तुम्ही डिफर मागाल त्या दिवशीच नवी कोर्सची तारीख आणि तुमच्या परीक्षेची तारीख शेजारी लिहून बघा.

बँकेचंही तसंच. व्हिसाला लोनचं पत्र लावायचं तर ते अर्जाच्या दिवसाआधी सहा महिन्यांच्या आतलं लागतं, म्हणजे जून २०२४ चं माझं सँक्शन लेटर कागदाचा तुकडा झालं. फाइल पुन्हा पहिल्यापासून, नवा आयटी रिटर्न, नवा हमीदार. त्यात मधल्या काळात नियमही बदलला. लंडनबाहेर राहणाऱ्याला दाखवायचा महिन्याचा खर्च १,०२३ पाउंड होता, तो २ जानेवारी २०२५ पासून १,१३६ झाला. नऊ महिन्यांचे धरले तर एक हजार सतरा पाउंड जास्त. लोनची रक्कम मला तेवढ्यासाठी वाढवून घ्यावी लागली. खात्यावरचे स्वतःचे पैसे दाखवायचे असते तर ते सलग २८ दिवस पडून असावे लागले असते, त्यापेक्षा लोनचं पत्र सोपं.

अमेरिकेला गेलेल्या माझ्या मावसभावाचं थोडं वेगळं होतं. त्याच्या विद्यापीठानं डिपॉझिट घेतलंच, शिवाय लिहून घेतलं की मधल्या वर्षात दुसऱ्या कुठल्या विद्यापीठात डिग्रीसाठी प्रवेश घेणार नाही. फंडिंग त्याचंही पुढे गेलं नाही. जर्मनीतल्या ऑफरचं तर बहुतेक ठिकाणी डिफर नसतंच, पुढच्या सत्राला नवा अर्ज करायचा. आपल्याकडे कॅप राउंडमध्ये मिळालेली जागा घेतली नाही की ती गेलीच, तिथे हा विषयच येत नाही.

एक गोष्ट मात्र मी आज वेगळी केली असती. डिपॉझिट भरलेलं नसतं तर मी डिफर न करता ऑफर सोडून पुढच्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा अर्ज केला असता. जागा मिळायला अडचण आली नसती, आणि शिष्यवृत्त्यांच्या यादीत मी नवी उमेदवार म्हणून गेले असते. डिफरवाल्यांना काही योजनांमधून वगळतात, हे मला अर्ज नाकारल्यावर कळलं. डिफर फायद्याचं ते तुमचे पैसे आत अडकलेले असतील किंवा ती जागा खरोखर दुर्मीळ असेल तेव्हा.

आणि शिक्षणानंतरच्या कामाच्या व्हिसाकडे बघा. १ जानेवारी २०२७ पासून जे ग्रॅज्युएट व्हिसाला अर्ज करतील, त्यांना पीएच.डी. सोडून दोन वर्षांऐवजी दीड वर्ष मिळणार आहे. माझा प्रबंध सप्टेंबर २०२६ ला जाईल, निकाल नोव्हेंबरमध्ये अपेक्षित आहे, आणि विद्यापीठानं कोर्स पूर्ण झाल्याचं कळवल्याशिवाय अर्ज करता येत नाही. म्हणजे डिसेंबर एवढाच माझ्या हातात आहे. आणखी एक वर्ष थांबले असते तर सहा महिने सरळ गेले असते.

थांबलेल्या वर्षात मी साताऱ्यातल्या एका आरसीसी कन्सल्टंटकडे काम केलं. व्हिसाच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न होता, मधल्या वर्षी काय केलंत, आणि अनुभवाचं पत्र दाखवल्यावर पुढे वाढलं नाही. दुकानातही बसले, पण ते सांगितलं नाही.

इथे ओळखपत्रावर माझा क्रमांक २४ ने सुरू होतो, वर्गातल्या सगळ्यांचा २५ ने. लायब्ररीच्या काउंटरवर मला अजून विचारतात, तुम्ही दुसऱ्या वर्षाला ना?