मंगलाष्टकांच्या फोटोतून पुढचे मोबाईल काढून मागची माणसं परत कशी आणावीत

कोल्हापूरकडच्या कार्यालयातला नेहमीचा फोटो घेऊ. शेवटचं ‘सावधान’ झालंय, अंतरपाट निघालाय, अक्षता पडताहेत आणि पहिल्या रांगेतून दोन मोबाईल वर आलेत. एकाने नवरीमागच्या मामांचा निम्मा चेहरा झाकलाय, दुसऱ्याने नवरीच्या गळ्यातला साज. ‘फोटोशॉपमध्ये मोबाईल सिलेक्ट करा आणि Content-Aware Fill दाबा’ हा नेहमीचा सल्ला इथे साफ चुकीचा आहे. त्याला आजूबाजूचे पिक्सेल पसरवता येतात, पण मामांचा गाल कसा आहे ते त्याला माहीत नसतं. मोबाईलमागचं खरं दृश्य आधी-नंतरच्या फ्रेममध्येच सापडतं, कारण वर धरलेला हात सतत थोडा हलत असतो.

त्या मिनिटभरातल्या सगळ्या रॉ फाइली काढा आणि मूळ फ्रेमइतकाच व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर सगळ्यांना द्या. जिच्यात मामांचा चेहरा मोकळा आहे आणि मान त्याच बाजूला वळलेली आहे, ती पुरवणी फ्रेम. ती मूळ फ्रेमच्या वर लेयर म्हणून ठेवा.

जुळवणी Auto-Align Layers वर सोडू नका. पुढच्या हलत्या डोक्यांमुळे ते फसतं. वरच्या लेयरचा ब्लेंड मोड Difference करा आणि मामांची कॉलर, खांदा काळा पडेपर्यंत लेयर सरकवा. पुढची डोकी जुळली नाहीत तरी चालेल. फोटोग्राफर पाऊलभर सरकला असेल तर मामा जुळल्यावर मागची फुलांची सजावट जुळणार नाही. तेव्हा सजावटीसाठी त्याच फ्रेमची दुसरी प्रत वेगळी जुळवा. मग मोड परत Normal.

आता मास्क, आणि बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. मोबाईल कॅमेऱ्याच्या जवळ आणि फोकसच्या बाहेर असतो, त्यामुळे त्याची कड रेघेसारखी नसते. ती मागच्या दृश्यात विरघळत जाते. २४ मेगापिक्सेलच्या फाइलीत हा विरघळलेला पट्टा ६०-७० पिक्सेल रुंद सहज असतो. त्या पट्ट्यात मामांचा गालही आहे आणि कव्हरचा काळेपणाही. मोबाईल दिसतो तेवढाच नेमका मास्क केला की मोबाईल जातो, पण त्याच्या आकाराची राखाडी सावली उरते. स्क्रीन तुमच्याकडे असेल तर हीच सावली निळसर उजळ दिसते.

म्हणून मास्क मोबाईलच्या कडेवर संपवायचाच नाही. १०० टक्के झूमवर पट्टा कुठे पूर्ण संपतो ते बघा, मास्क त्याच्या बाहेर न्या आणि मऊ ब्रशने तिथे विरवा, जिथे दोन्ही फ्रेम एकसारख्या आहेत. शंका असेल तर सर्वात वर तीव्र कॉन्ट्रास्टचा Curves लेयर तात्पुरता ठेवा. उरलेली सावली लगेच उठून दिसते. हा लेयर नंतर काढायला विसरू नका.

व्हिडिओवाल्याचा लाइट मधल्या वेळात फिरला असेल तर त्वचेचा रंग जुळणार नाही. पुरवणी लेयरलाच जोडलेला Curves घ्या आणि मास्कच्या दोन्ही बाजूंचं कपाळ एकसारखं होईपर्यंत सावकाश हलवा.

मोबाईल गेला की रिकामा उंचावलेला हात उरतो, तो चमत्कारिक दिसतो. हात खांद्यापर्यंत काढा. त्यामागे फेटेवाल्याची पाठ असेल तर तीही पुरवणी फ्रेममधूनच घ्या. फ्रेम उलटी करून डावं-उजवं जुळवायचा मोह टाळा. शेमला भलत्याच बाजूला गेलेला घरच्यांना पहिल्या नजरेत कळतो.

साजाचंही तसंच. त्यातली पदकं वेगवेगळ्या आकारांची असतात, त्यामुळे शेजारचं पदक Clone Stamp ने उमटवलं की दोन सारखी पदकं लागून दिसतात. नवरीच्या दुसऱ्या कुठल्याही जवळच्या फोटोतून, त्याच बाजूने प्रकाश असलेला साज घ्या, आकार जुळवा आणि मूळ फोटोतल्या साजाइतकाच मऊ करा. पडदा, भिंत, लांबची झेंडूची माळ यांना मात्र Clone Stamp पुरतो.

चेहऱ्याला पुरवणी फ्रेमच नसेल तर तो मोबाईल राहू द्या किंवा फोटो कापा. अंदाजाने घडवलेला मामा हा त्यांचा मामा नसतो.

शेवटी दोन गोष्टी तपासा. मास्कच्या कडेवर अर्ध्या कापल्या गेलेल्या अक्षता Healing Brush ने पुसा. आणि भरलेला भाग बाकीच्यापेक्षा गुळगुळीत वाटला तर ५० टक्के राखाडी रंगाचा Overlay लेयर त्या भागापुरता घेऊन त्यावर Add Noise द्या, आजूबाजूच्या दाण्याइतकंच.