भज्याच्या तेलाचं बायोडिझेल: तळाशी बसलेला थेंब

लातूरच्या आमच्या कॉलेजात मुलांनी भज्याच्या गाड्यावरचं ५०० मिली वापरलेलं सोयाबीन तेल आणलं. गाळून, ११० अंशांवर तापवून पाणी उडवलं. मग १०० मिली मिथेनॉलमध्ये १.७५ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड विरघळवून ते तेलात घातलं आणि ५५ अंशांवर तासभर ढवळलं. खाली काळपट ग्लिसरीन बसलं आणि सगळे खूश झाले.

पण ग्लिसरीन सुटलं म्हणजे काम पूर्ण झालं असं नसतं. वरच्या थरातलं ३ मिली घेऊन २७ मिली मिथेनॉलमध्ये हलवलं. बायोडिझेल त्यात विरघळतं, बायोडिझेल न झालेलं कच्चं तेल नाही. अर्ध्या तासाने तळाशी पिवळा थेंब दिसला.

चूक माझी होती. सोडियम हायड्रॉक्साइडचं ते प्रमाण, लिटरला ३.५ ग्रॅम, ताज्या तेलाचं. तळून तळून तेलात आम्ल वाढतं आणि ते ही अल्कली खातं. उरलेल्या तेलाचं १ मिली १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घेतलं, फिनॉल्फ्थॅलिन घातलं आणि लिटरला १ ग्रॅम अल्कलीचं द्रावण थेंबथेंब सोडलं. गुलाबी रंग टिकायला २.५ मिली लागलं. म्हणजे लिटरभर तेलाला २.५ ग्रॅम अल्कली जास्त: ३.५ अधिक २.५, एकूण ६ ग्रॅम. अर्ध्या लिटरला ३. दुसऱ्या खेपेला थेंब बसला नाही. उन्हाळ्यात मात्र मिथेनॉलमधली ही थेंबाची चाचणी गार खोलीतच करा, कारण कोमट मिथेनॉल कच्चं तेलही थोडं विरघळवून घेतं.

मिथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही आणि ते कातडीतूनही शरीरात जातं. म्हणून बर्नर बंद, झाकलेली हॉटप्लेट, फ्यूमहूड, हातमोजे, चष्मा. ६५ अंशांच्या आसपास ते उकळतं, त्यामुळे थर्मामीटरवरून नजर हटवायची नाही.